छपराला सर्वांत मोठा धक्का

भूकंपात इमारतीला बाहेरून कुणी ढकलत नाही. जमीन एकदम बाजूला सरकते, पाया तिच्याबरोबर जातो आणि वरचे जड स्लॅब जागीच राहू पाहतात. एसटी सुटताना उभा प्रवासी मागे झुकतो, तसेच हे. या ओढाताणीतून प्रत्येक मजल्यावर आडवा जोर निर्माण होतो आणि कॉलममधून तो खाली पायाशी येतो. पायाशी जमलेल्या या एकूण आडव्या जोराला बेस शियर म्हणतात. धक्का काही सेकंद सतत बदलत राहतो. तरीही हिशोबासाठी त्याच्या जागी एक स्थिर आडवा जोर धरायचा, अशी एक सोपी रीत आहे. भारतात ती आयएस १८९३ या मानकात दिली आहे.

पुण्यातली पाच स्लॅबची एक साधी, चौकोनी इमारत समजा. प्रत्येक मजला ३ मीटर, एकूण उंची १५ मीटर, लांबी २० मीटर आणि खाली पक्का कातळ. खालचे चार स्लॅब, त्यांच्या वाट्याच्या भिंती, बीम, कॉलम आणि राहणाऱ्यांच्या सामानाचा काही भाग धरून प्रत्येकी ४०० टन. गच्चीचा स्लॅब ३०० टन, कारण त्याच्या वर भिंती नाहीत आणि भूकंपाच्या हिशोबात गच्चीवर माणसांचे वजन धरत नाहीत. एकूण १९०० टन.

या वजनाचा किती भाग आडवा येईल? मानकाच्या २०१६च्या आवृत्तीप्रमाणे पुणे तिसऱ्या क्षेत्रात येते आणि त्याचा गुणांक ०.१६ आहे. हा सर्वांत तीव्र धक्क्याचा आकडा. डिझाइनसाठी त्याचा अर्धा, म्हणजे ०.०८ धरतात. पुढचा प्रश्न इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याचा. एक हेलकावा पूर्ण व्हायला तिला लागणारा वेळ कमी असेल, तर जमिनीची हालचाल तिच्यात अडीचपट होऊन उतरते. त्यामुळे ०.०८ चे ०.२० होतात. भूकंपात इमारत अजिबात न वाकता, न तडकता उभी राहावी असा आग्रह धरला, तर तिला वजनाच्या २० टक्के, म्हणजे ३८० टन आडवा जोर पेलावा लागेल.

तेवढ्यासाठी कुणी डिझाइन करत नाही. मानक या आकड्याला ५ ने भागू देते आणि उरतात ७६ टन. ही सवलत फुकटची नाही. बीम-कॉलमच्या जोडाजवळ रिंगा दाट असतील, त्यांचे हूक १३५ अंशांत आत वाकवलेले असतील, सळया तुटण्याआधी भरपूर ताणल्या जातील, अशा सांगाड्यालाच ५ हा भाजक मिळतो. कागदावर ५ ने भागायचे आणि साइटवर रिंगांचे हूक काटकोनात सोडून द्यायचे, हे मला या विषयातले सर्वांत धोकादायक वागणे वाटते. स्लॅब भरल्यावर ते कुणालाच दिसत नाही.

हिशोबात चूक होण्याची आणखी एक जागा म्हणजे हेलकाव्याचा वेळ. नुसता कॉलम-बीमचा सांगाडा धरला, तर १५ मीटरच्या इमारतीला मानकातले सूत्र ०.५७ सेकंद देते. पण खऱ्या इमारतीत विटांच्या भिंती असतात. त्या तिला ताठ करतात. भिंतींचे वेगळे सूत्र वापरले की वेळ सुमारे ०.३० सेकंद निघतो. कातळावर ०.४० सेकंदांच्या आत असलेल्या इमारतीला पूर्ण अडीचपट मिळते; ०.५७ ला मात्र फक्त पावणेदोनपट. म्हणजे भिंती विसरल्या की ७६ टनांचे ५३ टन होतात. इमारत तीच, पण जोराचा जवळजवळ तिसरा हिस्सा कागदावरून गायब.

आता हे ७६ टन मजल्यांवर वाटायचे. मजल्याचे वजन गुणिले जमिनीपासूनच्या उंचीचा वर्ग, या प्रमाणात आपले मानक वाटप करते. उंच स्लॅब जास्त डोलतो, म्हणून त्याच्या वाट्याला जास्त जोर. हिशोब केला की पहिल्या स्लॅबला जेमतेम दीड टन मिळतो. वर जाताना सुमारे ६, १४ आणि २५ टन, आणि गच्चीला २९ टन. सर्वांत हलका स्लॅब गच्चीचा, तरी सर्वांत मोठा वाटा त्याचाच. अमेरिकेत इतक्या ताठ इमारतीला उंचीचा वर्ग न घेता नुसती उंची धरतात. तसे केले तर गच्चीला २१ टनांच्या आसपास येतात. आपली रीत वरच्या मजल्यांना अधिक सावध धरते, आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या चढवणाऱ्या आपल्या सवयी पाहता मला ती योग्यच वाटते.

मात्र कॉलमकडे पाहताना ही बेरीज वरून खाली करायची असते. सर्वांत वरच्या मजल्याचे कॉलम फक्त गच्चीचे २९ टन पेलतात. त्याखालचे ५४, मग ६८, मग ७४ आणि तळमजल्याचे पूर्ण ७६. जोर जन्मतो वर आणि साठतो खाली. इमारतीला २० कॉलम असतील, तर तळाशी प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पावणेचार टन. नेमक्या याच मजल्यावर आपण पार्किंगसाठी भिंती काढून टाकतो. वर भिंतींनी ताठ झालेले चार मजले आणि खाली उघडे कॉलम, म्हणजे सगळे वाकणे त्या एका मजल्यात गोळा होते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा अनेक इमारती तळमजल्यातच चिरडल्या. अहमदाबादही पुण्यासारखेच तिसऱ्या क्षेत्रात आहे.

याच हिशोबाने आणखी एक मजला चढवून पाहू. आधीची गच्ची आता ४०० टनांचा मजला होईल आणि १८ मीटरवर ३०० टनांची नवी गच्ची येईल. बेस शियर ७६ वरून ९२ टनांवर जाते, म्हणजे २१ टक्के वाढ. पण इमारतीला उलथवू पाहणारा परिणाम, म्हणजे प्रत्येक मजल्याचा जोर गुणिले त्याची उंची यांची बेरीज, ९०६ वरून सुमारे १३०० टन-मीटर होते. वाढ ४४ टक्के. हा भार कडेच्या कॉलमवर आणि त्यांच्या पायांवर येतो. धक्क्याच्या एका दिशेला ते दाबले जातात, दुसऱ्या दिशेला उचलले जातात. ‘पायात दम आहे, एक मजला सहज पेलेल,’ असे सांगणारा बहुधा फक्त उभ्या वजनाचा विचार करत असतो.

या रीतीची मर्यादाही मोठी आहे. २०१६च्या आवृत्तीत एवढ्या हिशोबावर थांबण्याची मुभा फक्त दुसऱ्या क्षेत्रातल्या, १५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या, नियमित आकाराच्या इमारतींना आहे. आपल्या पुण्याच्या इमारतीलाही संगणकावर डोलण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हांचे विश्लेषण करावेच लागते. एल आकाराची किंवा एका कोपऱ्यात लिफ्टच्या जाड भिंती असलेली इमारत धक्क्यात पिळली जाते आणि हे पिळणे वरच्या वाटपात दिसत नाही. तरीही हाताने काढलेले ७६ टन वाया जात नाहीत. संगणकाने कमी बेस शियर दाखवली, तर सगळी उत्तरे त्याच प्रमाणात वाढवून या आकड्यापर्यंत आणावीत, असे मानक सांगते.

तुमच्या सोसायटीच्या सभेत मजला चढवण्याचा किंवा पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, तर आरसीसी कन्सल्टंटकडून डिझाइनच्या अहवालातले बेस शियरचे पान मागून घ्या. एकूण वजन किती धरले, हेलकाव्याचा वेळ भिंतींसह काढला की नुसत्या सांगाड्याचा, भाजक ५ घेतला असेल तर साइटवर रिंगा कोण तपासणार, आणि तळमजल्याच्या उघड्या कॉलमसाठी वेगळी काय तजवीज केली, एवढे विचारा. उत्तरे लेखी घ्या.