स्वल्पविरामाच्या अलीकडे आणि पलीकडे

जर्मन शिकणाऱ्यांच्या वहीत साधारण ए२ पातळीच्या अखेरीला ‘गाळलेल्या जागा भरा’चा एक नवा प्रकार येतो आणि बी१ संपेपर्यंत तो पाठ सोडत नाही. वाक्य असतं असं : ‘डेर आर्ट्स्ट, ___ दू गेस्टर्न आंगेरूफन हास्ट, इस्ट हॉयटे निश्ट डा.’ म्हणजे, ज्या डॉक्टरांना तू काल फोन केलास ते आज नाहीत. रिकाम्या जागेसाठी चार पर्याय दिलेले असतात : डेर, डेन, डेम, डेसन. मराठी विद्यार्थ्याचा हात बहुतेक वेळा डेमकडे जातो, आणि उत्तर असतं डेन. हे का होतं, हे नीट समजून घेतलं तर या प्रकारातल्या निम्म्याहून जास्त जागा शांतपणे भरता येतात.

मुळात काय विचारलंय ते आधी पाहू. मराठीत आपण ‘जो’ने सुरू होणारं वाक्य सहसा आधी आणतो आणि मग ‘तो’वर येतो. जर्मनमध्ये नाम आधी येतं, मग स्वल्पविराम, मग संबंधी सर्वनाम, आणि पोटवाक्याचं क्रियापद अगदी शेवटी. क्रियापद शेवटी असणं हे आपल्याला घरचंच आहे, त्यामुळे तिथे अडत नाही. अडतं ते सर्वनामापाशी, कारण ते दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून हुकूम घेतं. लिंग आणि वचन स्वल्पविरामाच्या अलीकडच्या नामाकडून घ्यायचं. विभक्ती मात्र पलीकडच्या पोटवाक्याकडून घ्यायची. अलीकडचं नाम स्वतः कोणत्या विभक्तीत आहे, याचा सर्वनामाशी काहीही संबंध नाही.

हे शेवटचं वाक्य सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे. ‘इश हेल्फे डेम मान, ___ इश केने’, म्हणजे मी ज्या माणसाला ओळखतो त्याला मदत करतो, हे वाक्य बघा. डोळ्यासमोर ‘डेम मान’ नुकताच येऊन गेलेला असतो, म्हणून जागेतही डेम लिहिलं जातं. पण पलीकडे ‘केनन’ म्हणजे ओळखणे हे क्रियापद आहे आणि त्याचं कर्म द्वितीयेत असतं. म्हणून उत्तर डेन. माणूस तोच असला तरी मुख्य वाक्यात त्याचं काम वेगळं आणि पोटवाक्यात वेगळं आहे.

लिंग ठरवताना आपल्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. जो, जी, जे आपण रोज बोलतो. तीन लिंगांची सवय ज्याला जन्मापासून आहे, त्याला डेर, डी, डास हे वर्गीकरण परकं वाटत नाही. फक्त कोणतं नाम कोणत्या लिंगाचं, हे जर्मनकडूनच घ्यायचं. ‘मेडशन’ म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणून ‘डास मेडशन, डास डोर्ट झिट्स्ट’, तिथे बसलेली मुलगी.

खरा घोटाळा विभक्तीत होतो, आणि तो ‘ला’मुळे होतो. शाळेत आपण विभक्तीचे प्रत्यय घोकले, तेव्हा द्वितीयेचे स, ला, ते आणि चतुर्थीचेही स, ला, ते असेच होते. मराठी दोघींना एकच रूप देते. ‘मी त्याला पाहिलं’ आणि ‘मी त्याला मदत केली’ यांत ‘त्याला’ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला या दोन विभक्त्या वेगळ्या ऐकूच येत नाहीत. जर्मन पुल्लिंगात त्या ठळकपणे वेगळ्या आहेत : द्वितीया डेन, चतुर्थी डेम. ‘ज्याला’ हा एकच मराठी शब्द या दोन खोक्यांत वाटायचा असतो, आणि कोणता कुठे टाकायचा हे मराठी अर्थावरून कळत नाही. ते जर्मन क्रियापद ठरवतं.

विचारणे आणि उत्तर देणे ही जोडी घ्या. आपल्याकडे ‘ज्याला मी विचारलं’ आणि ‘ज्याला मी उत्तर दिलं’, दोन्हीकडे ‘ज्याला’. जर्मनमध्ये ‘फ्रागन’ द्वितीया घेतं आणि ‘आंटवोर्टन’ चतुर्थी. म्हणून ‘डेर मान, डेन इश गेफ्राग्ट हाबे’, पण ‘डेर मान, डेम इश गेआंटवोर्टेट हाबे’. फोन करणे म्हणजे ‘आनरूफन’, हेही द्वितीया घेतं. मराठीत फोन हे कर्म आणि माणूस हा फोन मिळणारा, म्हणून डॉक्टर आपल्याला चतुर्थीत वाटतो. जर्मनमध्ये डॉक्टर स्वतःच कर्म आहे. सुरुवातीच्या वाक्यात डेन का, त्याचं हे उत्तर.

मदत करणे म्हणजे हेल्फन, आभार मानणे म्हणजे डांकन, अभिनंदन करणे म्हणजे ग्राटुलीरन, मालकीचं असणे म्हणजे गेह्योरन, आवडणे म्हणजे गेफालन, मागोमाग जाणे म्हणजे फोल्गन. चतुर्थी घेणारी रोजच्या वापरातली क्रियापदं फार नाहीत, आणि ती पाठच केलेली बरी. बाकीच्या बहुतेक साध्या सकर्मक क्रियापदांना द्वितीया चालते. शंका आली तर चांगल्या कोशात क्रियापदाबरोबर येमांडन की येमांडेम, म्हणजे ‘कोणाला’चं द्वितीयेचं रूप की चतुर्थीचं, हे संक्षिप्त रूपात छापलेलं असतं. क्रियापदाचा अर्थ उतरवून घेताना तेवढं एक अक्षरही उतरवून घ्यावं, असं मी आग्रहाने सांगते.

‘ने’चाही असाच एक छोटा चकवा आहे. ‘ज्याने मला पुस्तक दिलं’ यात ‘ज्याने’ हे रूप वेगळं दिसतं, म्हणून जर्मनमध्येही काही खास रूप असेल असं वाटतं. तसं काही नाही. देणारा तोच, म्हणून सरळ प्रथमा : ‘डेर मान, डेर मियर डास बूख गेगेबन हाट’. उलट ‘ज्याची मी वाट पाहतोय ती बस’ यातला ‘ज्याची’, ‘जिची’ ऐकून षष्ठीचा मोह होतो. पण वाट पाहणे म्हणजे ‘वार्टन आउफ’, आणि इथे आउफपुढे द्वितीया येते : ‘डेर बुस, आउफ डेन इश वार्टे’. शब्दयोगी शब्द सर्वनामाच्या आधी बसतो, वाक्याच्या शेवटी लोंबकळत नाही.

मग भरलेली जागा बरोबर आहे की नाही, हे तपासायचं कसं? पोटवाक्य सुटं करायचं आणि सर्वनामाच्या जागी मूळ नाम ठेवून साधं वाक्य बनवायचं. ‘दू हास्ट डेन आर्ट्स्ट आंगेरूफन’, तू डॉक्टरांना फोन केलास. नामाआधी जे डेन आलं तेच जागेत घालायचं. ही कसोटी बहुतेक ठिकाणी जशीच्या तशी चालते, कारण चार विभक्त्या आणि चार रकाने मिळून 16 घरांपैकी 11 घरांत संबंधी सर्वनाम आणि निश्चित उपपद हुबेहूब सारखी आहेत. उरलेल्या पाच घरांत फरक आहे. षष्ठीची चारही घरं डेसन किंवा डेरन होतात, आणि अनेकवचनी चतुर्थीत डेनचं डेनन होतं. ‘इश हेल्फे डेन किंडर्न’, मी मुलांना मदत करते, हे बरोबर. पण ‘डी किंडर, डेनन इश हेल्फे’. इथे डेन लिहिणं ही फार नेहमीची चूक आहे.

आणखी एक घर फसवं आहे. स्त्रीलिंगी चतुर्थीचं रूप डेर आहे, जे पुल्लिंगी प्रथमेसारखंच दिसतं. ‘डी फ्राउ, डेर इश हेल्फे’ हे बरोबर उत्तर लिहूनही मुलं ते खोडतात, कारण बाईपुढे डेर बघून त्यांना चुकल्यासारखं वाटतं. रूप दिसतं कसं यावर जाऊ नये; सुटं वाक्य ‘इश हेल्फे डेर फ्राउ’ झालं की निर्णय पक्का.

षष्ठीत मात्र मराठीची सवय दुसऱ्या बाजूने आड येते. आपलं ‘जिचा’ हे रूप दोन नामांना बांधलेलं आहे. ‘ती बाई, जिचा मुलगा कोलोनला राहतो’ यात ‘जि’ बाईकडून येतं आणि ‘चा’ मुलाकडून. मुलाऐवजी मुलगी असती तर ‘जिची’ झालं असतं. जर्मन डेरन फक्त मालकाकडे, म्हणजे बाईकडे बघतं : ‘डी फ्राउ, डेरन झोन इन क्योल्न वोन्ट’. झोन म्हणजे मुलगा पुल्लिंगी आहे म्हणून डेसन लिहिणं ही मराठी ‘चा’ची सावली. माणूस असेल तर ‘डेर मान, डेसन टोख्टर इन क्योल्न वोन्ट’. मुलगी स्त्रीलिंगी असूनही डेसन तसंच राहतं. शब्दयोगी शब्द आला तरी ते हलत नाही : ‘डेर मान, मिट डेसन टोख्टर इश आर्बाइटे’. मिट चतुर्थी मागतं खरं, पण ती टोख्टरला लागते. डेसेम, डेरेम अशी रूपं प्रमाण जर्मनमध्ये नाहीत. मधे विशेषण आलं तर विभक्तीची खूण त्याच्यावर चढते, आणि उपपद तिथे अजिबात येत नाही.

काही जागा अशाही असतात जिथे व्याकरण एकापेक्षा जास्त उत्तरं मान्य करतं. ‘डेर युंगे, ___ डी मुटर झूख्ट’ हे वाक्य घ्या. डेर घातलं तर मुलगा आईला शोधतोय. डेन घातलं तर आई मुलाला शोधतेय. दोन्ही निर्दोष आहेत, आणि कोणतं हवं हे अलीकडच्या-पलीकडच्या वाक्यांवरूनच कळू शकतं. युंगेऐवजी ‘किंट’ म्हणजे नपुंसकलिंगी मूल ठेवलं तर गंमत वाढते, कारण तिथे प्रथमा आणि द्वितीया दोन्ही डास. जागा भरणं सोपं होतं, पण कोण कोणाला शोधतंय ते वाक्यातून सांगताच येत नाही. तसंच ‘डेर ब्रूडर माइनर फ्रॉइंडिन, ___ इन बर्लीन वोन्ट’, माझ्या मैत्रिणीचा भाऊ. डेर लिहिलं तर बर्लिनला भाऊ राहतो, डी लिहिलं तर मैत्रीण. सर्वनामाच्या लगेच आधीचं नाम हेच त्याचं नाम असेल, असं धरून चालता येत नाही.

अशा जागेला उत्तरसूचीत एकच उत्तर छापलेलं असेल आणि संदर्भ दिलेला नसेल, तर चूक प्रश्न काढणाऱ्याची असते. त्या वेळी विद्यार्थ्याने आपलं उत्तर खोडू नये. शेजारी त्याचा अर्थ लिहावा आणि शिक्षकांना दाखवावा.