‘नसावे’ या अटीचा उलटा निकाल

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नयेत. परंतु हीच अट तक्त्यात ‘जिवाणू नसावेत : होय/नाही’ अशी उतरली, की शुद्ध नमुना तपासणारा ‘जिवाणू नाहीत’ या अर्थाने ‘नाही’ लिहितो आणि शेरा मारणारा अंमलदार ‘अट पाळली नाही’ असे समजून निर्दोष विहीर नामंजूर करतो. दूषित नमुन्यापुढचा ‘होय’ मात्र मंजुरी ठरतो, आणि हा प्रमाद अधिक घातक. तपासणाऱ्याची दृष्टी अस्तित्व शोधते, अट अभाव मागते. म्हणून एका रकान्यात केवळ ‘आढळले/आढळले नाहीत’ ही नोंद घ्यावी व ‘मंजूर/नामंजूर’ हा निर्णय दुसऱ्या रकान्यात स्वतंत्रपणे लिहावा.