मोदक फुटला, आता फोटोखाली काय लिहायचं?

बिघडलेल्या पदार्थाच्या फोटोखाली बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट लिहितात. एक तर माफी मागतात: ‘पहिल्यांदाच केले, नीट जमले नाहीत, सांभाळून घ्या.’ नाहीतर ‘फेल!’ असा एकच शब्द आणि त्यापुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. दोन्ही वाचून कुणाला हसू येत नाही. माफी वाचली की समोरच्याला धीर देणं भाग पडतं आणि ‘फेल’ हा शब्द तर जळक्या भाताखालीही चालतो, फाटलेल्या डोशाखालीही. हसू येतं ते नेमकं काय बिघडलं हे त्या ओळीत असलं की. म्हणून चांगली ओळ लिहायची तर आधी पदार्थाकडे नीट बघावं लागतं.

उकडीच्या मोदकाचंच उदाहरण घेऊ, कारण त्याच्याइतका स्पष्ट बोलणारा बिघडलेला पदार्थ दुसरा नाही. तांदळाच्या पिठीची उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, पातळ पारी करून कळ्या पाडायच्या, आत ओल्या नारळाचं आणि गुळाचं सारण भरून तोंड मिटायचं आणि दहा-बारा मिनिटं वाफवायचं. यात चूक कुठे झाली ते मोदकाच्या अंगावरच दिसतं. पारीला बारीक, कोरड्या भेगा असतील आणि बाहेर काही आलं नसेल, तर उकड कोरडी राहिली किंवा मळायला कमी पडली. मोदक पसरला असेल, टोक खाली आलं असेल, पण अंग अखंड असेल, तर उकडीत पाणी जास्त झालं. आणि एखाद्या कळीपासून खालपर्यंत गुळाचा तांबूस ओघळ आला असेल, तर बहुतेक वेळा दोष सारणाचा.

तीन वेगळे दोष, म्हणून तीन वेगळ्या ओळी. भेगा पडलेल्या मोदकाखाली ‘पारीला तडे गेलेत, बिल्डर फोन उचलत नाही’ हे शोभतं. पसरलेल्या मोदकाखाली ‘मोदकांनी आसन ग्रहण केलं आहे.’ या दोघींची अदलाबदल करून पाहा, दोन्ही मरतात. ओघळ आलेल्या मोदकाला मात्र तिसरीच ओळ लागते आणि ती सापडायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात.

माझा भाचा नोकरीसाठी जर्मनीत असतो. गणेश चतुर्थीला त्याने तिथे मोदक केले आणि फोटो पाठवून विचारलं, “मावशी, टाकू का? आणि टाकला तर खाली काय लिहू?” फोटोत स्टीलच्या ताटलीत पाच मोदक होते. दोन धड, तिघांच्या अंगावरून गूळ वाहिलेला. मी त्याला आधी ओळ सुचवली नाही, सारण कसं केलं ते विचारलं. तिथे ताजा नारळ खवायच्या भानगडीत न पडता त्याने गोठवलेलं खोबरं आणलं होतं. ते सुटं होऊ दिलं, दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ घातला आणि गूळ विरघळताच गॅस बंद केला.

बिघाड तिथेच झाला होता. गूळ विरघळला म्हणजे सारण झालं असं नव्हे. विरघळलेल्या गुळाने आणि खोबऱ्यातल्या ओलाव्याने ते त्या क्षणी सगळ्यात पातळ असतं. त्यानंतरही परतत राहायचं, कडेने सुटून ते गोळा व्हायला लागलं की उतरवायचं. गोठवलेल्या खोबऱ्याला पाणी जास्त सुटतं, म्हणून त्याला आणखी वेळ द्यावा लागतो. (फार परतलं तर थंड झाल्यावर ते कडक होतं, हेही ध्यानात ठेवायचं.) थंड असताना पातळ सारणही जरा आवळलेलं दिसतं आणि फसवतं. मोदकपात्रात वाफ लागली की ते पुन्हा सैल होतं, पारी आतून भिजवतं आणि जिथे ती पातळ असेल तिथून वाट काढतं.

हे कळल्यावर ओळी सुचायला लागल्या. त्याने पहिली लिहिली, ‘सारणाला बाहेरचं जग बघायचं होतं.’ ठीक आहे, पण ही ओळ फुटलेल्या करंजीलाही चालेल आणि कचोरीलाही. दुसरी होती, ‘गणपती दीड दिवसाचा, मोदक दीड मिनिटाचे.’ हिचा ताल छान आहे. पण मोदक निदान दहा मिनिटं वाफेवर होते, आणि अशा ओळीत खोटी संख्या आली की स्वयंपाक करणारा वाचक तिथेच थांबतो. तिसरी ओळ अशी झाली: ‘कळ्या अकरा पाडल्या होत्या. वाफ गेल्यावर चारच सापडल्या.’ ही मला आवडली. यात मोदकाशिवाय दुसरं काही बसत नाही, आणि सांगणारा हसत नाही, नुसता हिशेब देतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती अगदी गंभीरपणे सांगतो, म्हणूनच वाचणारा हसतो. चेहरा सरळ ठेवण्याची ती जुनी मराठी रीत या दोन वाक्यांतही चालते.

पण फोटोत कळ्यांपेक्षा ओघळ जास्त उठून दिसत होता. शेवटी त्याने टाकली ती ओळ अशी: ‘यंदा मोदकांचं विसर्जन पहिल्याच दिवशी, मोदकपात्रात.’ ओघळ, सण, भांडं, सगळं एका दमात. हसणं मोदकावर आहे, देवावर नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नैवेद्याच्या पदार्थावर थट्टा करताना ती सीमा घरातल्या आजीला सुद्धा खटकणार नाही अशी हवी. तसंच दुसऱ्याने रांधलेल्या पदार्थावर अशी ओळ लिहू नये. स्वतःच्या हाताने केलेल्याला हसणं वेगळं, बायकोच्या किंवा सासूच्या मोदकाला चारचौघांत हसणं वेगळं. आणि पदार्थ खाण्याजोगा असला तरच गंमत टिकते. भाच्याचे मोदक चवीला उत्तम होते, ते त्याने संपवले. सगळं करपून टाकून द्यावं लागलं असेल तर मला तरी तिथे हसू येत नाही.

ओळ लहान ठेवण्याचं कारण साधं आहे. फोटोखालचा लांब मजकूर फोनवर पूर्ण दिसत नाही, दोनेक ओळींनंतर झाकला जातो. तेव्हा ‘सकाळी उठून पिठी आणली’ अशी सुरुवात केली तर गंमत झाकणाखाली राहते. काय बिघडलं ते पहिल्या वाक्यात यायला हवं आणि त्यानंतर स्पष्टीकरण नको. ‘सारण पातळ होतं ना, म्हणून’ असं पुढे जोडलं की विनोदाची पाककृती होते. ज्यांना कारण हवं असतं ते विचारतातच. भाच्याच्या फोटोखाली त्याच्या मामीने पहिला प्रश्न हाच केला, “खोबरं गोठवलेलं होतं का रे?”

फोटो घेताना एवढं करा: मोदक वरून टिपू नका, बाजूने टिपा, म्हणजे ओघळ दिसेल. आणि तूप फोटो काढून झाल्यावर वाढा. तुपाने मोदक चकाकतो, पण फुटलेली जागा झाकली जाते आणि खालची ओळ कशाबद्दल आहे ते कुणाला कळत नाही.