जवारी काढणारा हात

हस्तकलेच्या मेळ्यात मिरजेचा तंबोरेवाला आला असेल, तर त्याच्या गाळ्यासमोर उभं राहून आधी कान द्यावा. मांडलेले तंबोरे देखणे असतातच, पण खरी करामत चाललेली असते ती त्याच्या मांडीवरच्या उघड्या, बिनपॉलिशच्या वाद्यावर. हातात बारीक कानस, समोर चार बोटं रुंदीची घोडी, आणि मान एका बाजूला कललेली. तो जवारी काढत असतो.

तंबोऱ्याला चारच तारा. बहुतेक वेळा पहिली पंचमात, मधल्या दोन षड्जात आणि शेवटची, पितळेची जाड तार खर्जाच्या षड्जात. म्हणजे मिळवलेले सूर दोनच, प आणि सा. तरीही नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून, खर्जाची तार छेडल्यावर थोड्या वेळानं, कुणीही न मिळवलेला गांधार स्वच्छ ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. प्रत्येक तारेच्या मूळ सुराबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूरही बारीक आवाजात निघत असतात, आणि षड्जाच्या तारेत पाचपट कंपनांचा सूर म्हणजेच दोन सप्तकं वरचा गांधार. तो षड्जाच्या प्रत्येक तारेत दडलेला असतो. त्याला बाहेर काढून खोलीभर पसरवायचं काम जवारीचं.

घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो. बोट फिरवलं की कळतं, तो पुढच्या बाजूला अगदी हलका उतरत गेलेला आहे. तार त्या उतारावर टेकते आणि छेडली की वरखाली होताना उतारावर कधी जास्त टेकते, कधी कमी. तिची मोकळी लांबी क्षणाक्षणाला बदलते. प्रत्येक वेळी घोडीला घासून जाताना तारेतली ताकद खालच्या सुरातून वरच्या सुरांकडे सरकत राहते. म्हणून तंबोऱ्याचा आवाज छेडल्यावर नुसता विझत नाही, आधी फुलतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या सुमारास याच गोष्टीचा अभ्यास केला. तार ज्या जागी छेडली, तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो तो स्वरांश आवाजात असू नये, असा तारेचा जुना नियम आहे. साधारण मधोमध छेडल्या जाणाऱ्या तंबोऱ्याच्या तारेत दुप्पट आणि चौपट कंपनांचे सूर म्हणूनच जवळजवळ नसायला हवेत. रामन यांना ते भरपूर आढळले. घोडीच्या त्या उतारानं नियमाला वाट काढून दिली होती.

उतारावर तारेखाली एक सुती धागा सरकवतात. गाळ्यावर एकदा हा धागा काढायला सांगावा. तार तीच, मिळवणी तीच, पण आवाज बसतो, कोरडा होतो. मग कारागीर धागा पुन्हा तारेखाली घालतो आणि नखानं अगदी थोडा, केसभर, पुढे ढकलतो. एका ठराविक जागी आवाज एकदम उघडतो. त्या जागेच्या जरा अलीकडे तो मुका आणि जरा पलीकडे पत्र्यासारखा. हा क्षण ऐकल्याशिवाय जवारी समजत नाही, वाचून तर नाहीच.

पण धागा कामी येतो तो घोडी ठीक असेल तरच. एक गायिका आपला जुना तंबोरा घेऊन अशाच गाळ्यावर आली होती. "चाचा, खर्ज बोलतच नाही. तार बदलली, धागा बदलला." चाचांनी तार सैल करून बाजूला केली आणि घोडी उजेडाकडे तिरकी धरली. खर्जाच्या जागी एक बारीक चकचकीत रेघ होती. वर्षानुवर्षं घासून तारेनं तिथे खाच पाडली होती. खाचेत बसलेली तार उतारावर टेकणार कुठून? "तारेचा दोष नाही, ताई. तिला बसायला खड्डा झालाय."

खाच काढायची म्हणजे खाचेपुरतं घासून भागत नाही, आजूबाजूचा माथाही तेवढाच खाली आणावा लागतो. त्यांनी कानस चार-पाच वेळा एकाच दिशेनं, जवळजवळ वजन न देता चालवली, भुकटी फुंकली, तार चढवली, छेडली. अजून बंद. पुन्हा सैल, पुन्हा दोन हात. नंतर आवाज आला, पण करकरीत. उतार कमी पडल्यानं तार घोडीवर सलग आपटत होती. पुढची कड जराशी उतरवली. उतार जास्त झाला असता तर तार एकाच बिंदूवर टेकून आवाज आखूड झाला असता, आणि एकदा घासलं गेलेलं परत जोडता येत नाही. म्हणून एवढी तपासणी. सगळा फरक मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाचा, मोजायला कुठलंही साधन नाही, फक्त कान. शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवून धागा घातला, आणि खर्जातून गांधार वर आला. गायिकेनं डोळे मिटले. मग उरलेल्या तीन तारा एकेक करून, कारण सगळ्यांची जाडी एक नाही, ताण एक नाही, म्हणून घोडीवरचा उतारही एक नाही. काळी एकचा तंबोरा काळी चारला चढवला तर तारा बदलाव्या लागतात आणि जवारीही पुन्हा बघावी लागते.

हा हात आला कुठून? मिरजेतली ही घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम आटत चाललं, तेव्हा याच समाजातले फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले आणि उत्तम कानाचा गवय्या शेजारीच असल्यानं कारागिरांचे कानही घडत गेले. मला या वारशातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की पात्याच्या धारेवर किती दाब द्यायचा हे जाणणारं बोट पिढ्या ओलांडून घोडीच्या उतारावर आलं. अवजार बदललं, ध्येय बदललं, दाबाची समज तीच राहिली.

घरातलं मूल आधी भोपळा खरवडायला शिकतं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे हे भोपळे वाळवून, भिजवून, आतून साफ करावे लागतात. मग तुणीच्या लाकडाची दांडी, तबली, खुंट्या. जवारी सगळ्यांत शेवटी, आणि तीही शेजारी बसून ऐकत. वडील छेडतात आणि विचारतात, कुठे अडतंय? उत्तर बरोबर यायला लागल्याशिवाय कानस हातात मिळत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नाव राखलं जाईल, पण कान तयार होतो तो या शेजारी बसण्यातूनच.

तुमच्या घरी कोपऱ्यात उभा असलेला, आवाज बसलेला तंबोरा असेल तर तारा बदलायच्या आधी घोडी उजेडात तिरकी धरून बघा. रेघ चमकताना दिसली, तर घरी कानस लावू नका. वाद्य घेऊन जवारी काढणाऱ्याकडे जा, आणि तो काम करेल तेवढा वेळ गप्प बसून ऐका.