कागदावर सही करण्यापूर्वी : एका मामाचे भाचीस पत्र

घरातला कमावता माणूस अकाली गेला की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपतो न आटोपतो तोच घरात कागद येऊ लागतात. काही कागद खरोखरच तातडीचे असतात, तर काही असे असतात की त्यांवर सही होताच विधवेचा हक्क कायमचा जातो. दुःखाच्या भरात तिला हे दोन्ही सारखेच दिसतात. त्यांतील फरक कळावा म्हणून आम्ही येथे एका मामाचे पत्र नमुन्यादाखल देत आहोत. पत्र आम्ही रचलेले आहे. मात्र असे प्रसंग सभासदांना नवे नाहीत.

भाचीचे वय एकोणतीस, पदरी दोन लहान मुले. पती कारखान्यात नोकरीस होता. त्याने स्वतःच्या पगारातून शहरात सोळा लाखांचे घर घेतले होते. गावी सासऱ्यांनी स्वतः खरेदी केलेली दोन एकर, म्हणजे 80 गुंठे जमीन आहे. सासरे पूर्वीच वारले. सासू, एक दीर व एक नणंद हयात आहेत. कोणीही मृत्युपत्र केलेले नाही.

मामा लिहितात :

“चि. बाळ, मामाचा सप्रेम जय भीम. तुझे पत्र मिळाले. सोमवारी तालुक्याला जाऊन वारसनोंदीच्या कागदावर सह्या करायच्या आहेत, असे तुझे दीर म्हणतात. त्यांना एवढेच विचार की, जायचे ते तलाठ्याकडे की दुय्यम निबंधकाकडे? वारसनोंदीला स्टॅम्पपेपर लागत नाही. दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठा द्यायला नेत असतील, तर तो कागद दुसराच आहे. त्याची एक प्रत मागून घे आणि मला पाठव. तोवर सही करू नकोस. भांडू मात्र नकोस. ‘मामांना दाखवून सांगते’ एवढेच म्हण.”

मामांनी नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. वारसनोंद म्हणजे मयताचे वारस कोण, याची महसूल दप्तरी नोंद. त्यासाठी मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज करावयाचा असतो. त्यानंतर फेरफार नोंद धरली जाते व संबंधितांना नोटीस जाते. या अर्जाने कोणाचा हक्क जात नाही. उलट तो तीन महिन्यांच्या आत देणे अपेक्षित आहे. हक्कसोडपत्राचे तसे नाही. त्यात ‘माझा हिस्सा काहीही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे’ अशा अर्थाचा मजकूर असतो आणि स्थावर मिळकतीसाठी त्याची नोंदणी करावी लागते. कुलमुखत्यारपत्र हे त्याचेच भावंड समजावे. त्याने दुसऱ्याला आपल्या वतीने विक्रीसुद्धा करता येते. कोऱ्या स्टॅम्पपेपरवरील सही तर सर्वांत घातक, कारण मजकूर नंतर कोणीही भरू शकतो.

पत्रात पुढे हिशेब आहे :

“घर जावयांनी स्वतः घेतलेले. त्याचे चार वारस : तू, दोन मुले आणि तुझ्या सासूबाई. चौघांचे हिस्से सारखे. म्हणजे चार-चार लाख. दिरांचा त्यात हिस्सा नाही. पण सासूबाईंचा आहे, तो तू नाकारू नकोस. त्यांचाही मुलगा गेला आहे.”

बौद्ध कुटुंबांनाही वारसाच्या बाबतीत 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. या कायद्यात पत्नी, मुलगे, मुली व आई हे पहिल्या वर्गाचे वारस होत. त्यांच्यापैकी एकही हयात असेल तर भावाचा क्रमांक लागतच नाही.

गावच्या जमिनीचे दोन टप्पे करावे लागतात. सासऱ्यांमागे सासू, दोन मुलगे व एक मुलगी असे चार वारस, म्हणून प्रत्येकी 20 गुंठे. आता मयत मुलाचे 20 गुंठे पुन्हा चौघांत जातात : पत्नी, दोन मुले व आई, प्रत्येकी पाच. म्हणजे भाची व मुलांचे मिळून 15 गुंठे, सासूबाईंचे 25, दिराचे 20 व नणंदेचे 20. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची किंवा वतनी असती, तर हिशेब व अटी वेगळ्या झाल्या असत्या. तेव्हा आधी सातबारा व जुने फेरफार काढून मिळकत कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे.

दिरांचा आणखी एक मुद्दा होता. त्यावर मामा म्हणतात :

“‘तू तरुण आहेस, उद्या दुसरे लग्न करशील, मग घर परक्याकडे जाईल’ असे ते म्हणतात. लग्न करायचे की नाही ते तुझे तू ठरव. पण पतीच्या वारसाने एकदा मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही. आणि मुलांच्या वाट्यावर तर तुझीही मनमानी चालणार नाही, मग त्यांची कशी चालेल?”

हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. हक्कसोडपत्रात बहुधा ‘मी स्वतःकरिता व अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून’ असे शब्द घातलेले असतात. परंतु अज्ञान मुलाची स्वतंत्र स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय आईलाही देऊन टाकता येत नाही. परवानगीविना केलेला दस्त मुलाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, दावा लावून रद्द करून घेता येतो. स्वतः आईने फसवणुकीने दिलेली सही रद्द करून घ्यायची, तर तिलाही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा करावा लागतो आणि फसवणूक सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच येतो. ‘वाचले नव्हते’ एवढे सांगून भागत नाही.

मात्र सही टाळणे म्हणजे सगळेच थांबवणे नव्हे. मामांनी तेही बजावले आहे :

“मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेव. भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनचे फॉर्म कारखान्यातून आण व लगेच भर. पेन्शन ही वाटणीची वस्तू नाही. ती तुझी आणि मुलांची.”

कर्मचारी पेन्शन योजना, 1995 अन्वये विधवेस पेन्शन मिळते व पंचवीस वर्षांखालील दोन मुलांनाही वेगळी रक्कम मिळते. विधवेची पेन्शन मात्र पुनर्विवाहानंतर थांबते. वारसहक्क व पेन्शन यांतील हा फरक ध्यानात ठेवावा. बँकेतील ठेवीचे निराळे आहे. तेथे दिराचे नाव ‘नॉमिनी’ म्हणून असले, तरी बँक त्याच्या हाती पैसे देते ते वारसांच्या वतीने. तो मालक होत नाही. म्हणून नॉमिनीचे नाव पाहून घाबरून जाऊ नये. वारसांनी आपली मागणी लेखी करावी व तिची पोच घ्यावी.

पत्राच्या अखेरीस मामांनी तडजोडीचा मार्गही सुचविला आहे :

“दिरांना गावची जमीन सलग हवी असेल आणि तुला शहरातले घर, तर तसे बोलता येईल. पण तोंडी नको. एकाच नोंदणीकृत वाटपपत्रात कोणी काय घेतले आणि काय सोडले, ते दोन्ही लिहिलेले असावे. सासूबाई व नणंदबाईंच्या सह्या त्यावर हव्यात आणि मुलांच्या हिश्शासाठी आधी न्यायालयाची परवानगी. वकील त्यांचा नको, आपला वेगळा करू. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज कर. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. एक महिना थांबल्याने दिरांचे काही बुडणार नाही. ते थांबायला तयार नसतील, तर का नाहीत, ते तू त्यांनाच विचार.”