विहिरीचं झाकण आणि साडेतीन गोण्या

विहिरीचा आतला व्यास सात फूट. कठड्यावर चारी बाजूंनी सहा इंच टेकेल असं आठ फूट व्यासाचं, चार इंच जाडीचं गोल झाकण टाकायचं होतं. मिस्त्रींनी हाताखालच्या पोराला सिमेंटचा हिशेब करायला सांगितला.

पोरगा थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, पंधरा गोण्या लागतील."

मिस्त्रींनी जमिनीवर खडूनं गोल काढला आणि त्याभोवती नेमका बसणारा चौकोन आखला. "चौकोन किती?"

"आठ आठे चौसष्ट चौरस फूट."

"तुझा गोल किती आला?"

"दोनशे एक."

"मग चौकोनात मावलेला गोल चौकोनापेक्षा मोठा कसा?"

पोराच्या ध्यानात आलं. सूत्रात त्रिज्या घ्यायची होती, त्यानं व्यास घेतला होता. चूक दुपटीची, पण तिचा वर्ग होत असल्यानं क्षेत्रफळ चौपट फुगलं. गोल हा भोवतालच्या चौकोनाच्या पाऊण हिश्श्याहून थोडा जास्त असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी ही चूक लगेच पकडता येते.

आता त्यानं त्रिज्या चार फूट धरली. ३.१४ × ४ × ४ म्हणजे ५०.२४ चौरस फूट. त्यातून पाणी शेंदायला ठेवायच्या दोन फुटी गोल तोंडाचे ३.१४ वजा केले, उरले ४७.१. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा, म्हणून ओला काँक्रीट १५.७ घनफूट.

"आता गोण्या काढू?"

"थांब. हा ओला माल झाला. कोरडा त्याहून जास्त लागतो."

खडीच्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट, त्यामुळे कालवल्यावर माल आक्रसतो. म्हणून ओल्या मापाला १.५४ नं गुणतात. कोरडा माल झाला सुमारे २४.२ घनफूट. प्रमाण एकास दीड आणि तीन, म्हणजे एकूण साडेपाच भाग. एक भाग ४.४ घनफूट, तेवढं सिमेंट. पन्नास किलोच्या गोणीत साधारण सव्वा घनफूट सिमेंट भरतं, म्हणजे गोण्या साडेतीन. वाळू ६.६ आणि खडी १३.२ घनफूट. सांडलवंड धरून चार गोण्या मागवल्या.

हिशेब बरोबर असूनही झाकण बिघडवणारी गोष्ट म्हणजे पाणी. गोणीमागे पंचवीस लिटरच्या आसपास पुरतं. माल सरसरीत व्हावा म्हणून मजूर वरून बादली ओततात, तेव्हा काँक्रीट कमजोर होतं. सळई तळापासून इंचभर वर हवी, कारण मधोमध भार आला की झाकण खालच्या बाजूनं ताणलं जातं. तोंडाभोवती जादा सळया घालाव्या लागतात, नाहीतर तिथूनच तडे जातात.

असं झाकण सुमारे अकराशे किलो भरतं, त्यामुळे ते जमिनीवर ओतून हातानं उचलता येत नाही. विहिरीवर पक्का आधार बांधून जागेवरच ओतावं लागतं. हा हिशेब माणसांच्या वावरापुरता आहे; झाकणावरून ट्रॅक्टर जाणार असेल, तर जाडी आणि सळई अभियंत्याकडूनच ठरवून घ्या.