स्प्रिंट सरते, काम सरत नाही

सॉफ्टवेअरच्या टीम बहुधा दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम करतात. त्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. काम अपुरं राहिलं, की ते बोर्डवर मुकाट पुढच्या स्प्रिंटमध्ये सरकवलं जातं. स्क्रम पद्धतीत मात्र ते आधी बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत परत जातं आणि त्याचा नव्याने विचार होतो.

समजा, ‘ग्राहकाला रिफंड देणे’ हे 8 पॉइंटांचं काम तिसऱ्यांदा लटकलंय. रोजच्या बैठकीत ‘जवळपास झालंय’ एवढंच ऐकू येतं. अशा वेळी नेमकं अडलंय काय, ते खोदून विचारावं. पूर्ण रकमेचा रिफंड चालतो. अंशतः रिफंडसाठी बँकेचं उत्तर यायचंय, असं कळतं. मग काम फोडावं, पण स्क्रीन वेगळी आणि डेटाबेस वेगळा असं नव्हे. असले तुकडे एकेकटे ग्राहकाच्या उपयोगाचे नसतात. पूर्ण रिफंड आधी देऊन टाकावा. अंशतः रिफंड बँकेचं उत्तर आल्यावरच हाती घ्यावा.

काम मुळातच मोठं निघालं असेल, तर उरलेल्या भागाचा अंदाज पुन्हा करावा. मागच्या स्प्रिंटला मात्र अर्धे पॉइंट देऊ नयेत. टीमचा वेग उगाच फुगतो.

आणि इतके दिवस त्यावाचून कुणाचंच अडलं नसेल, तर प्रॉडक्ट ओनरने ते सरळ काढून टाकावं. माझ्या मते हाच निर्णय सर्वाधिक टाळला जातो, कारण झालेले कष्ट डोळ्यांपुढे असतात. पण अर्धवट कोड ठेवला, तर मुख्य कोडमधल्या प्रत्येक बदलाशी तो जुळवत बसावं लागतं.